विक्रीसाठी २ बीएचके रिसेल फ्लॅट, महाबळ परिसर, जळगाव | कार्पेट ६४० चौ. फूट | तिसरा मजला, लिफ्ट नाही | ₹२७ लाख

२००९ ची इमारत, मूळ मालकाकडून थेट विक्री, मध्यस्थ नाही. बिल्टअप ८५० चौ. फूट आहे, पण घरात वापरायला मिळतात ते ६४०च. भाव त्यावरूनच ठरवावा.

हॉल व स्वयंपाकघर पूर्वेकडे. सकाळी ओट्यावर छान उजेड येतो. मागची बेडरूम मात्र पश्चिमेची. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर तिथली भिंत हाताला गरम लागते, कूलरशिवाय बसवत नाही. खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड बसवलेला आहे, तो तसाच देऊ. त्याच खोलीत गेल्या पावसाळ्यात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओल आली होती. बाहेरून वॉटरप्रूफिंग केले आहे, आतला रंग मुद्दाम दिलेला नाही, डाग बघून घ्या.

पाणी: मनपाचे नळकनेक्शन, शिवाय सोसायटीची बोअर. मे महिन्यात बोअरचे पाणी कमी होते. एका टू-व्हीलरची झाकलेली पार्किंग. कार आवारात, जागा ठरलेली नाही. गच्ची सगळ्यांची, पापड-कुरडया वाळवायला मोकळी.

इंडेक्स-२, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती तयार. गृहकर्ज फिटले आहे, बँकेचे ना-हरकत पत्र हातात आहे. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स अजून झालेले नाही, वकिलाला जरूर दाखवा.

मेंटेनन्स महिना ₹८००. स्टॅम्प ड्युटी व नोंदणी खर्च खरेदीदाराचा. घर बघायला शक्यतो दुपारीच या, ऊन किती लागते ते कळेल.