सर्दीची गोळी किंवा सिरप नेण्याआधी दोन मिनिटे थांबून हे वाचावे

खानापूर आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या कुटुंबांसाठी, या दुकानातील फार्मासिस्टकडून

पावसाळा लागला की, आणि पुढे उसाचा हंगाम सुरू होऊन थंडी पडली की, या काउंटरवर सर्वांत जास्त मागणी सर्दी, खोकला आणि कणकण यांवरच्या औषधांची असते. साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते. औषधाने ती लवकर जात नाही, फक्त त्रास कमी होतो. म्हणून त्रास थोडा असेल तर औषध न घेणेही योग्यच आहे, आणि घ्यायचेच असेल तर नेमके काय पोटात जात आहे हे माहीत असायला हवे.

नाव वेगळे, औषध तेच

गेल्या हिवाळ्यात एक आजी रुमालात बांधून तीन पट्ट्या घेऊन आल्या. सर्दीची गोळी त्या दिवसातून तीनदा घेत होत्या, तापाची 650 ची गोळी तीनदा, आणि गुडघेदुखीची गोळी दोनदा. प्रत्येक गोळी सांगितल्याप्रमाणेच चालली होती, एकही जास्तीची नव्हती. परंतु तिन्ही पट्ट्यांवर पॅरासिटामॉल लिहिलेले होते. सर्दीच्या गोळीतून 1500 मिलिग्रॅम, तापाच्या गोळीतून 1950 आणि दुखण्याच्या गोळीतून 650, असे दिवसाला 4100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल त्यांच्या पोटात जात होते. धडधाकट मोठ्या माणसासाठीही 24 तासांतील कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम आहे. वजनाने हलक्या, वयस्कर, यकृताचा आजार असलेल्या किंवा रोज दारू पिणाऱ्या व्यक्तीसाठी डॉक्टर ती याहूनही कमी ठेवतात. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते आणि पहिले एक-दोन दिवस ती बाहेरून फारशी जाणवतही नाही.

म्हणून सर्दीची गोळी चालू असताना तापाची वेगळी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे. चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर काही होत नाही ना याची वाट न पाहता पट्ट्या सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जावे.

सर्दीच्या गोळीत आणखी काय असते

नाक मोकळे करण्यासाठी त्यात बहुधा फेनिलेफ्रिन असते, आणि शिंका व वाहते नाक थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन. फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. त्यामुळे ज्यांना बीपी, हृदयविकार किंवा थायरॉइड वाढल्याचा त्रास आहे त्यांनी ते गोळी मागतानाच सांगावे. क्लोरफेनिरामिनने लघवी अडू शकते आणि काचबिंदू वाढू शकतो, म्हणून प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना ही गोळी परस्पर आणून देऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

या गोळ्यांनी झापड येते. उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी, रात्रपाळीला मशीनवर उभे राहणाऱ्यांनी आणि चोर्ला घाटातून गोव्याकडे गाडी नेणाऱ्यांनी गोळी घेऊन कामाला निघू नये. तिच्यावर दारू तर मुळीच घेऊ नये. नाक मोकळे करणारे औषधाचे थेंब पाच दिवसांहून जास्त वापरले, तर नाक उलट अधिक चोंदते.

लहान मुलांच्या बाबतीत आम्ही इतके कडक का आहोत

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले खोकल्याचे सिरप पोटात गेल्याने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अनेक मुले दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सूचना दिली की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि विकूही नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी सर्वसाधारणपणे त्यांची शिफारस केली जात नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच सांगितले होते. लांबून बस पकडून आलेल्या आईला आम्ही सिरप न देता परत पाठवतो, तेव्हा तिची ओढाताण आम्हाला दिसते. तरीही ते सिरप आम्ही देणार नाही.

बाळाला मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब, वरचेवर दूध किंवा पाणी आणि विश्रांती द्यावी. मूल एक वर्षाहून मोठे असेल तर झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध खोकल्याला चांगला. एक वर्षाच्या आत मात्र मध चाटवूही नये. उकळत्या पाण्याचे भांडे मुलासमोर ठेवून वाफ देऊ नये, कारण त्याने मुले भाजतात. कापराचा बाम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये आणि कोणाच्याच नाकपुडीत घालू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल वजनावर दिले जाते. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम हा एक डोस असतो आणि तो दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये. यात सर्वांत मोठी चूक बाटलीची होते. दहा किलोच्या मुलाला 125 चे सिरप 5 मिलिलिटर दिले, तर 125 मिलिग्रॅम औषध जाते. पण तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्सच्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम औषध असू शकते. तेच 5 मिलिलिटर त्या बाटलीतून दिले तर 500 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाईल. म्हणून थोरल्याची बाटली धाकट्याला किंवा धाकट्याची थोरल्याला अंदाजाने देऊ नये.

डॉक्टर "एक चमचा" म्हणतात तेव्हा ते 5 मिलिलिटर असते. घरातल्या पोह्यांच्या चमच्यात कधी त्याच्या दीडपट, कधी दुप्पट मावते. सोबतच्या टोपणानेच मोजावे. टोपण डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे. टोपण हरवले असेल तर आम्ही मोजायची सिरिंज देतो.

काही गोष्टी ज्या आम्ही देणार नाही

लाल रेघ असलेली अँटिबायोटिक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, आणि साध्या सर्दीवर तिचा उपयोगही होत नाही. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास 2011 पासून बंदी आहे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात ताप आला आणि तो डेंग्यू नाही हे ठरलेले नसेल, तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन कोणीही घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

दुकानात न येता थेट रुग्णालयात जावे

तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर थेट दवाखाना गाठावा. बाळ शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक असतील, छाती खालच्या बाजूला आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक फिरवावा. मोठ्या माणसाला तीन दिवसांहून जास्त ताप, धाप किंवा थुंकीतून रक्त असेल, तर सर्दीची गोळी घेत बसू नये. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी.

पट्टी वाचता येत नसेल तर

औषधावरचा मजकूर बारीक इंग्रजीत असतो. घरातील मोठ्यांना मराठी वाचता येते, मुलांना शाळेमुळे कन्नड येते, पण तो मजकूर दोघांनाही उलगडत नाही. आम्ही पाकिटावर औषधाचे नाव, किती आणि केव्हा घ्यायचे, हे मराठीत किंवा कन्नडमध्ये हाताने लिहून देतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि औषध दुसऱ्या दुकानातले असले तरी चालते. घरात चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या, बीपी-शुगरच्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून आणाव्यात आणि या काउंटरवर ओताव्यात.