ॲस्पिरिनचे संश्लेषण: कार्यपद्धती

2.00 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल (0.0145 मोल) तोलून 100 मिलि क्षमतेच्या शंकुपात्रात घेण्यात आले. पात्र आधी ओव्हनमध्ये पूर्ण कोरडे करण्यात आले होते, कारण पाण्याने ॲसेटिक अनहायड्राइडचे विघटन होते. फ्यूम हूडखाली त्यात 5.0 मिलि ॲसेटिक अनहायड्राइड (सुमारे 0.053 मोल) ओतण्यात आले. अनहायड्राइड जाणूनबुजून जास्त घेतले गेले. त्यामुळे उत्पादनाचे अपेक्षित प्रमाण, म्हणजे 2.61 ग्रॅम, सॅलिसिलिक आम्लावरून काढण्यात आले. उत्प्रेरक म्हणून संहत सल्फ्युरिक आम्लाचे 5 थेंब ड्रॉपरने सोडण्यात आले.

पात्र 75 ते 80 अंश सेल्सिअसच्या वॉटर बाथमध्ये 15 मिनिटे ठेवून मिश्रण अधूनमधून हलवले गेले. मधल्या काळात बाथचे तापमान 86 अंशांपर्यंत चढल्याचे आढळले. थंड पाणी घालून ते दोन मिनिटांत खाली आणण्यात आले, आणि वेळ मात्र वाढवण्यात आली नाही.

मिश्रण गरम असतानाच उरलेल्या अनहायड्राइडच्या विघटनासाठी 2 मिलि पाणी थेंबथेंब घालण्यात आले. या वेळी ॲसेटिक आम्लाची तिखट वाफ येत असल्याने पात्राचे तोंड चेहऱ्यापासून दूर धरण्यात आले. वाफ थांबल्यावर 40 मिलि थंड पाणी मिसळून पात्र बर्फात ठेवण्यात आले. दहा मिनिटे उलटूनही स्फटिक दिसेनात, तेव्हा पात्राची आतली बाजू काचकांडीने घासण्यात आली. त्यानंतर स्फटिक भराभर बनले. ते ब्युक्नर नरसाळ्यातून निर्वात गाळणाने वेगळे करून बर्फाच्या पाण्याने दोनदा, दर खेपेस 5 मिलि घेऊन, धुण्यात आले. शुद्धीकरणाआधीच्या चाचणीसाठी त्यातील चिमूटभर नमुना बाजूला काढण्यात आला.

उरलेला कच्चा पदार्थ 6 मिलि इथेनॉलमध्ये वॉटर बाथवर विरघळवण्यात आला. इथेनॉल ज्वलनशील असल्याने बर्नर वापरला गेला नाही. त्यात 15 मिलि कोमट पाणी घालून द्रावण सावकाश थंड होऊ दिले गेले. पाणी उकळते घेतले नाही, कारण गरम पाण्यात एस्टर पुन्हा तुटण्याचा धोका होता. मिळालेले स्फटिक गाळून रात्रभर डेसिकेटरमध्ये वाळवण्यात आले व दुसऱ्या दिवशी त्यांचे वजन नोंदवले गेले.

शुद्धता तपासण्यासाठी सॅलिसिलिक आम्ल, कच्चा नमुना आणि शुद्ध नमुना तीन परीक्षानळ्यांत थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून प्रत्येकीत 1 टक्का फेरिक क्लोराइड द्रावणाचे 2 थेंब टाकण्यात आले. द्रवणांक केशनळीत मोजला गेला. 120 अंशांपर्यंत तापमान झपाट्याने आणि त्यापुढे मिनिटाला सुमारे 2 अंशांनी वाढवण्यात आले. जास्त वेळ तापल्यास ॲस्पिरिनचे विघटन होऊन द्रवणांक खाली येत असल्याने दुसरे मापन नव्या केशनळीत करण्यात आले.