रंगखात्यातला भिंतीवरचा तक्ता: पायऱ्या, प्रश्न आणि बाण

खंडेनवमीच्या आधी रंगखात्याला चुना मारला, तेव्हा कॅबिनेट मशीनमागच्या भिंतीवरचा तक्ता पुसला गेला. जुन्या मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने काढला होता. त्याचा एकमेव फोटो ज्या मोबाइलमध्ये होता, तो मोबाइलही बिघडला. म्हणून मास्तरांना समोर बसवून, तीन संध्याकाळी विचारून विचारून, हा तक्ता शब्दांत उतरवला आहे. रात्रपाळीत फोनवरूनही कुणाला वाचून दाखवता येईल अशा बेताने लिहिला आहे.

कामे सगळ्यांच्या हातात बसलेली आहेत. सोडा कधी घालायचा हे नव्या पोरालाही महिन्याभरात कळतं. चित्राबरोबर हरवले ते बाण, त्यातही मागे जाणारे. त्यामुळे खाली प्रत्येक कामानंतर बाण कुठे जातो ते लिहिलं आहे. तो न वाचता पुढच्या क्रमांकावर जाऊ नये.

गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. चौकोन म्हणजे काम. शंकरपाळी म्हणजे प्रश्न, आणि तिच्यातून दोन किंवा तीन बाण निघतात. एकूण १९ आकार आहेत: २ गोल, ११ चौकोन, ६ शंकरपाळ्या. बाण २६, त्यातले मागे जाणारे ६. पुन्हा कुणी चित्र काढलं तर आधी हे मोजून घ्यावं.

१. गोल. लडी आल्या. कार्डावरचं वजन, शेड नंबर आणि लॉट नंबर लडीच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. बाण २ कडे.

२. चौकोन. सॉफ्ट पाण्याच्या टाकीतून नमुना घेऊन कडकपणा तपासा. बाण ३ कडे.

३. शंकरपाळी. कडकपणा लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत आहे का? हो: ५ कडे. नाही: ४ कडे.

४. चौकोन. सॉफ्टनरला मिठाचं पाणी द्या, टाकी रिकामी करून पुन्हा भरा. बाण मागे, २ कडे.

हा बाण ५ कडे जात नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधे बोअर आणि टँकर मिसळतात, म्हणून कालचं पाणी आजचं नसतं. सॉफ्टनर चालवला म्हणजे पाणी मऊ झालंच असं धरून चालू नका, पुन्हा तपासा. कडक पाण्यातला कॅल्शियम रंगाला धरून बसतो आणि लडीवर डाग पडतात. ते डाग ओल्या सुतावर दिसत नाहीत, चादर विणून झाल्यावर दिसतात.

५. चौकोन. कॉस्टिक आणि पेरॉक्साइडमध्ये ९५ अंशांवर एक तास उकळ. बाण ६ कडे.

६. चौकोन. गरम धुवण, ॲसेटिक ॲसिडने न्यूट्रल, मग पेरॉक्साइड किलर. बाण ७ कडे.

७. शंकरपाळी. पट्टी बुडवून पाहा: पेरॉक्साइड शिल्लक आहे का? हो: मागे ६ कडे. नाही: ८ कडे.

पट्टीचा रंग दिवसाच्या उजेडात किंवा पांढऱ्या ट्यूबखाली वाचा. पिवळ्या बल्बखाली ती फसवते. शिल्लक राहिलेला पेरॉक्साइड रंग खातो, आणि मग शेड फिकी आली की दोष रंगाच्या डब्यावर जातो.

८. चौकोन. नवं पाणी, लेव्हलिंग आणि सिक्वेस्टरिंग एजंट, मग विरघळवून गाळलेला रंग दोन हप्त्यांत. कार्डावर जेवढा लिहिला आहे तेवढाच, अंदाजाने चिमूटभरही नाही. बाण ९ कडे.

९. चौकोन. मीठ विरघळवून तीन हप्त्यांत, दर दहा मिनिटांनी. तापमान ६० अंशांवर आणून अर्धा तास फिरवा. बाण १० कडे.

१०. चौकोन. सोडा ॲश वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून दोन हप्त्यांत. बाण ११ कडे.

इथे घाई नको. मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, सोडा त्याला सुतात कायमचा पकडून ठेवतो. रंग सगळ्या लडीत सारखा पसरण्याआधी सोडा पडला, तर तो जिथे आहे तिथेच पकडला जातो. मास्तर म्हणाले, "एकदा बसलेला रंग पुन्हा सारखा होत नाही, रे. ती पाच मिनिटं तुम्हाला जड का जातात तेच मला कळत नाही." बादलीचा तळ हाताने चाचपून पाहायची त्यांची सवय चांगली होती. खडा लागला तर सोडा विरघळलेला नाही. हातमोजे मात्र घाला.

११. शंकरपाळी. पीएच १०.५ ते ११ आहे का? हो: १२ कडे. कमी: मागे १० कडे, थोडा सोडा आणखी. जास्त: १७ कडे. हा तिसरा बाण जुन्या तक्त्यात नव्हता, मास्तरांशी बोलून नव्याने घातला आहे.

१२. चौकोन. ६० अंशांवर एक तास. मग पाणी सोडा, गार धुवण, गरम धुवण, ॲसेटिक ॲसिडने न्यूट्रल. बाण १३ कडे.

१३. चौकोन. सोपिंग, ९५ अंशांवर १५ मिनिटं, मग गरम धुवण. बाण १४ कडे.

१४. शंकरपाळी. ओल्या पांढऱ्या फडक्यावर सूत घासा: रंग लागतो का? हो: मागे १३ कडे. नाही: १५ कडे.

१५. शंकरपाळी. शेड जुळली का? जुळली: १८ कडे. फिकी: १६ कडे. गडद, किंवा लाल-निळ्याकडे झुकलेली: १७ कडे.

या प्रश्नाआधी नमुना वाळवायचाच. ओलं सूत नेहमी गडद दिसतं. लडीतून चार धागे काढा, पिळा, इस्त्रीखाली कोरडे करा, थंड होऊ द्या, मग मास्टर नमुन्यावर आडवे ठेवून खिडकीशी पाहा. रात्र असेल तर लाइट बॉक्समध्ये. मशीनच्या तोंडाशी उभं राहून 'जुळली' म्हणायचं नाही. आमच्याकडून परत आलेल्या लॉटपैकी बरेच याच शंकरपाळीवर फसलेले होते, आणि त्यांच्या चादरींचे पैसे मागवाल्याला सोसावे लागले.

१६. शंकरपाळी. या लॉटला दोनदा टॉपिंग झालं आहे का? नाही: मागे ८ कडे, टॉपिंगचं कार्ड मास्तरांकडून लिहून घेऊन. मीठ आणि सोडाही पुन्हा लागतो. हो: १७ कडे.

१७. चौकोन. मशीन फिरतं ठेवा, काहीही घालू नका, मास्तरांना बोलवा, रात्र असली तरी. लॉट कुठल्या शेडमध्ये वळवायचा (मरून, नेव्ही की काळा) ते तेच ठरवतील. बाण मागे, ८ कडे, नव्या कार्डाने.

१८. चौकोन. सॉफ्टनर, हायड्रो, मग लडी बांबूवर सावलीत. बाण १९ कडे.

१९. गोल. वाळलेल्या लडीला जुनीच चिठ्ठी बांधा, कार्डावर टॉपिंग किती वेळा झालं ते लिहा, आणि कांडी खात्याकडे द्या.