हृदयाची आकृती: एका थेंबाच्या मागे मागे

शर्वू,

आकृतीचा फोटो मिळाला. रेषा सुरेख आल्यात, नावंही सगळी जागच्या जागी आहेत. पण फुप्फुस धमनी लाल काहून केली वं? मला माहीत आहे तू काय म्हणशील: "मावशी, धमनी लाल आणि शीर निळी, असंच तर पाठ केलंय." तिथेच सगळी पोरं घसरतात. म्हणून फोनवर न सांगता लिहूनच पाठवते. आकृती समोर ठेव, लाल आणि निळी पेन्सिल हाताशी घे आणि वाचता वाचता बोट फिरव.

आधी डावं-उजवं. हृदयाची आकृती म्हणजे समोर उभ्या माणसाचं हृदय. त्याची उजवी बाजू तुझ्या डाव्या हाताला येते. कागदाच्या डावीकडे "उजवे अलिंद" लिहिताना हात अडखळतो, पण ते बरोबरच आहे. वहीच्या कोपऱ्यात एक छोटा माणूस काढून ठेव, तुझ्याकडे तोंड केलेला. मी दहावीत असताना तसंच करत होते.

आता रंग. रक्तवाहिनीचं नाव ठरतं दिशेवरून. हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. रंग ठरतो तो रक्तात ऑक्सिजन किती आहे यावरून: भरपूर असेल तर लाल, कमी असेल तर निळा. नाव आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरभर त्या जुळतात, म्हणून आपण गाफील राहतो. फुप्फुसांच्या वाटेवर मात्र नेमक्या उलट्या होतात.

आणि निळा हा फक्त कागदावरचा रंग. मी रोज सकाळी लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त काढते. नळीत पडतं ते गडद लाल, पिकलेल्या जांभळाकडे झुकणारं. निळं रक्त मी आजवर पाहिलं नाही. दवाखान्यात डॉक्टर मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात, तेव्हा सिरिंजचा दांडा फारसा ओढावाही लागत नाही. रक्त ठोक्याठोक्याने आपणच वर चढतं आणि ते लखलखीत लाल असतं. दोन्ही सिरिंज शेजारी धरल्या की फरक डोळ्यांनी दिसतो. हातावरच्या शिरा निळसर दिसतात, तो कातडीतून उजेड कसा परत येतो त्याचा खेळ आहे.

पुस्तकातला "ऑक्सिजनविरहित" हा शब्दही मला पटत नाही. शरीर फिरून आलेल्या रक्तात, माणूस शांत बसलेला असेल तर, हिमोग्लोबिनच्या साधारण ७५ टक्के जागांवर ऑक्सिजन असतोच. धमनीतल्या रक्तात तो ९५ टक्क्यांच्या वर असतो. परीक्षेत पुस्तकातला शब्द लिही, डोक्यात मात्र "कमी ऑक्सिजनचं" असं ठेव. "अशुद्ध रक्त" तर लिहूच नकोस. ते काही नाग नदीचं पाणी नाही.

चल, आता एका थेंबाच्या मागे जाऊ. समज, हा थेंब तुझ्या पायाच्या अंगठ्यातून निघालाय. ऑक्सिजन पेशींना देऊन झालाय, कार्बन डायऑक्साइड घेतलाय. रंग निळा.

तो अधोमहाशिरेतून वर चढतो आणि उजव्या अलिंदात शिरतो. डोकं आणि हातांकडचं रक्त वरून ऊर्ध्व महाशिरेतून तिथेच येतं. खुद्द हृदयाच्या स्नायूंनी वापरलेलं रक्तही याच कप्प्यात उतरतं, शालेय आकृतीत ते दाखवत नाहीत. दोन्ही महाशिरा निळ्या, उजवं अलिंद निळं. याची भिंत पातळ असते. तिला फक्त खालच्या मजल्यावर रक्त ढकलायचं असतं आणि त्यातलंही बरंचसं ठोक्याआधी आपसूक उतरलेलं असतं.

खाली जायच्या दारावर त्रिदली झडप आहे, तीन पाकळ्यांची. ती खालच्या बाजूलाच उघडते. पार केली की आपण उजव्या निलयात. हाही निळाच. निलय आकुंचन पावला की रक्त दाबाने मागे वळू पाहतं, त्या दाबानेच झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि वरची वाट बंद होते. मग उरते एकच वाट: अर्धचंद्राकृती झडपेतून फुप्फुस धमनीत.

ही ती तुझी लाल नळी. हृदयातून बाहेर जाते म्हणून धमनी. पण आतलं रक्त अजून फुप्फुसापर्यंत पोचलेलंच नाही, मग ऑक्सिजन आणणार कुठून? म्हणून निळी. ती पुढे दुभंगते, एक फाटा उजव्या फुप्फुसाकडे, एक डाव्या. दोन्ही फाटे निळे कर.

फुप्फुसात या फाट्यांचे फाटे होत होत केसाहून बारीक केशवाहिन्या होतात आणि वायुकोशांना जाळ्यासारख्या लपेटतात. भिंती इतक्या पातळ की कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो आणि ऑक्सिजन अलीकडे येतो. इथे तुझ्या पेन्सिलचा रंग बदलतो. एकदम नको बदलूस. निळ्यावर हलकासा लाल फिरव, मधे जांभळट पट्टा येऊ दे आणि पलीकडे पूर्ण लाल.

आता परतीचा प्रवास. फुप्फुस शिरा चार आहेत, प्रत्येक फुप्फुसातून दोन. हृदयाकडे येतात म्हणून शिरा, ऑक्सिजन भरून आणतात म्हणून लाल. चारही डाव्या अलिंदात उघडतात. उजव्या फुप्फुसाकडच्या दोघी हृदयाच्या मागून येतात. तू त्या उजव्या अलिंदाला जोडल्यात, त्या खोड.

डावं अलिंद लाल. खाली द्विदली झडप, दोन पाकळ्यांची. तिच्याखाली डावं निलय, तेही लाल आणि चौघांत सगळ्यात दणकट. आठवतं, दिवाळीच्या सुट्टीत आपण मटणवाल्याकडून बकऱ्याचं दिल आणून ओट्यावर उभं चिरलं होतं आणि तुझ्या आईने दोघींना स्वयंपाकघरातून हाकललं होतं? एका बाजूची भिंत बोटाने दबत होती. दुसरी बोटाएवढी जाड होती आणि सुरी अडत होती. ती डाव्या निलयाची. झडपेला खालून पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या दिसल्या होत्या, त्या तू चिमटीत धरून ओढल्यास आणि म्हणालीस, "मावशी, हे तर छत्रीच्या काड्यांसारखं आहे." दाबाने पाकळ्या उलट्या वर अलिंदात पलटू नयेत म्हणून त्या दोऱ्या त्यांना ताणून धरतात.

भिंत इतकी जाड का? उजव्या निलयाला रक्त पोचवायचंय शेजारी, जणू बर्डीहून धरमपेठेत. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, अख्खा रिंग रोड. मोठ्या निरोगी माणसात उजवा निलय साधारण २५ मिलिमीटर पारा इतका दाब तयार करतो, डावा १२० च्या आसपास. बीपी मोजताना ऐकतेस ना, "एकशेवीस-ऐंशी"? त्यातला वरचा आकडा या कप्प्याच्या जोराचा. तुझ्या आकृतीत दोन्ही भिंती सारख्या जाडीच्या आल्यात. डावीकडची, म्हणजे कागदावर उजवीकडची, दुपटी-तिपटीने जाड कर.

डाव्या निलयातून आणखी एका अर्धचंद्राकृती झडपेतून रक्त महाधमनीत जातं. लाल. ती वर जाऊन काठीच्या मुठीसारखी वळते. कमानीवरून निघणाऱ्या तीन फांद्या डोकं आणि हातांकडे जातात, उरलेली महाधमनी हृदयामागून खाली उतरते. पुढे शरीरभरच्या केशवाहिन्यांत ऑक्सिजन उतरवला जातो आणि लालाचा पुन्हा निळा होतो. आपला थेंब परत अंगठ्यात.

आता बघ, रंग बदलला कुठे? फुप्फुसात आणि शरीराच्या केशवाहिन्यांत. हृदयात एकदाही नाही. हृदय रक्त ढकलतं, त्याचा रंग बदलणं त्याचं कामच नाही. उजवे दोन्ही कप्पे निळे, डावे दोन्ही लाल आणि मधे पडदा. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन एकमेकींना ओलांडतात, पण एकीची गाडी दुसरीच्या रुळावर जात नाही, तसंच. तिथे माणसं तरी गाडी बदलतात. इथे पडदा धड असेल तर एक थेंबही इकडचा तिकडे होत नाही. काही बाळांच्या पडद्याला जन्मतःच भोक असतं, "हृदयाला भोक आहे" म्हणतात ते हेच.

एक गोष्ट आकृतीत दिसत नाही आणि त्यामुळे गोंधळ होतो. मी सांगितला तो क्रम एका थेंबाचा आहे, हृदयाच्या कामाचा नाही. उजवं आधी आणि डावं नंतर असं हृदय चालत नाही. दोन्ही अलिंदं जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात, लगेच पाठोपाठ दोन्ही निलयं. आपला थेंब उजव्या निलयातून निघतो त्याच क्षणी दुसरा कुठला तरी थेंब डाव्यातून निघालेला असतो. स्टेथोस्कोपमधला "लब" म्हणजे त्रिदली आणि द्विदली झडपा मिटल्याचा आवाज, "डब" म्हणजे दोन्ही अर्धचंद्राकृती मिटल्याचा. मोठ्या माणसात मिनिटाला सुमारे ७२ ठोके, दर ठोक्याला प्रत्येक निलयातून साधारण ७० मिलिलिटर. गुणाकार कर, पाच लिटर येतात. अंगातलं जवळपास सगळं रक्त, एका मिनिटात.

तुझ्या सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं की हृदय रक्ताने भरलेलं असताना त्याला वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला, तर सांग: कप्प्यातलं रक्त जाड भिंतीत आतपर्यंत झिरपत नाही. म्हणून महाधमनी सुरू होते तिथूनच दोन हृद्-धमन्या निघतात आणि हृदयाच्या स्नायूलाच रक्त देतात. आजोबांची अँजिओप्लास्टी झाली ती यांच्यातल्याच एकीची. आकृतीत बाहेरून दोन बारीक लाल रेषा ओढल्यास तर छान दिसेल, पण सक्ती नाही.

तर आज एवढं कर: फुप्फुस धमनी दोन्ही फाट्यांसकट निळी, चुकलेल्या दोन फुप्फुस शिरा डाव्या अलिंदाकडे, डाव्या निलयाची भिंत जाड. फुप्फुस शिरा तू लाल केल्या होत्यास, त्या बरोबर होत्या, घाबरून निळ्या करू नकोस. बाण पण त्या त्या रंगानेच काढ. आजीची कर्णिका-जवनिका म्हणजे तुझी अलिंद-निलयच, तिच्याशी वाद घालू नकोस. रंगवून झालं की फोटो टाक. उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे, दुपारी तीननंतर बघते.

मावशी