चिऊ, तुझ्या नाकाबद्दल

चिऊ,

समोर बसून बोलायला गेले की तू "आई, सोड ना" म्हणतेस, म्हणून लिहितेय.

ताईच्या साखरपुड्याचे फोटो आले, तेव्हा तू सगळ्यांचे ठेवलेस आणि स्वतःचे तेवढे पुसून टाकलेस. रात्री मी पाणी प्यायला उठले तर तू अंधारात फोन तोंडासमोर धरून दोन बोटांनी नाक दाबून बघत होतीस. मी दिसताच फोन उशीखाली सारलास. मला मग झोपच आली नाही.

मिरजेला आजोबांचा स्टुडिओ होता, तिथली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. रंगीत फोटो आले तरी स्थळांसाठीचे फोटो ते ब्लॅक अँड व्हाइटच काढायचे, रिटचिंग चांगलं होतं म्हणून. निगेटिव्हला खालून उजेड, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर फिकट उमटतो. तेवढी जागा पेन्सिलीने हलक्या हाताने भरली की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा. एका चेहऱ्याला पाऊण पाऊण तास लागायचा.

माझाही फोटो तसाच झाला. मुरुमांचे वण गेले, हनुवटी रेखीव झाली. तो बघून एक मंडळी आली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "फोटोत वेगळी वाटली होती." बावीस वर्षांची होते मी. पुढे कितीतरी दिवस आरशासमोर तो फोटो धरून उभी राहायचे. माझाच फोटो, आणि मीच त्याच्यापुढे उणी!

तुझ्या फोनवरच्या मुलींचं तेच आहे गं. आजोबांना पाऊण तास लागायचा, ते आता बटण दाबायच्या आधीच होऊन जातं. तो चेहरा त्या मुलींकडेही नाही. त्यांनाही सकाळी उठून आरशात स्वतःचाच चेहरा बघावा लागतो.

आणि नाकाचं म्हणशील तर फोन हातभर अंतरावर असतो, चेहऱ्यात लेन्सला सगळ्यात जवळ नाक, म्हणून ते मोठं येतं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा एका फुटावरच्या फोटोत ते जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडला होता. आजोबा उगाच गिऱ्हाइकापासून लांब कॅमेरा लावत नसत.

तू पुसलेला एक फोटो मामाच्या फोनमध्ये होता. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून काढलेला, तोंडात अर्धा पेढा आणि तू डोळे मिटून हसतेयस. मी तो छापून आणलाय. माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय, कुणाला दाखवणार नाही. तुला वाटेल तेव्हा काढून बघ.

आई