नव्या घाण्याआधी महाराजांना पत्र

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

वैराग, ता. बार्शी
फाल्गुन शुद्ध एकादशी, शके १९४७
(२७ फेब्रुवारी २०२६)

तीर्थस्वरूप महाराजांच्या चरणी दत्तात्रयाचा शिरसाष्टांग दंडवत.

पत्र लिहिण्यास कारण की, येत्या गुढीपाडव्याला, म्हणजे १९ मार्चला, वैरागमध्ये लाकडी तेलघाणा सुरू करतो आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपल्याशी बोलताना माझी बोबडी वळते, हे आपण जाणताच. आणि आशीर्वाद मागायचा तर आधी सगळं खरं सांगून मोकळं व्हावं. ते मला कागदावरच जमतं.

तेलाच्या मिलमध्ये ११ वर्षं काढली. मिल बंद पडली तेव्हा पंढरपूरला मठात येऊन दोन दिवस गप्प बसलो होतो. आपण काही विचारलं नाहीत, फक्त पंगतीत भाकरी वाढायला उभं केलंत. त्या दिवशी हाताला काम लागलं आणि डोकं जाग्यावर आलं. तेव्हापासून घाण्याचं मनात होतं.

सोलापूर रस्त्याला एक गाळा भाड्याने घेतला आहे. मुद्रा योजनेतून ३ लाखांचं कर्ज झालं. अन्नपदार्थाची नोंदणी झाली. सौ.च्या पाटल्यांना हात लावायचा नाही एवढं मी ठरवलं होतं, ते आजवर पाळलं आहे. यंदाची करडई निघू लागली आहे, म्हणून पाडव्याचा मुहूर्त. गेल्या आठवड्यात चाचणीची घाणी काढली. १० किलो करडईला जेमतेम पावणेतीन किलो तेल सुटलं. आई खुर्ची टाकून घाण्यापाशी बसली होती. गाळ बसायला चार दिवस लागतात, पण तिने गढूळ असतानाच बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "तुझ्या आज्ज्याच्या घरचा वास आला."

आता जे सांगायला पत्र लिहिलं ते सांगतो. परवा एक व्यापारी आला. बोलणं गोड. म्हणाला, "डब्यामागं चार आणे पामतेल घाला, वासाला कळत नाही, नाहीतर या भावात टिकणार नाही." मी नाही म्हणालो. चहा पाजून वाटेला लावलं. पण महाराज, रात्री सगळे झोपल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर तो हिशोब मांडून पाहिला. हप्ता किती लवकर फिटेल तेही काढलं. सकाळी ते पान फाडून चुलीत घातलं. मोठ्या तोंडाने नाही म्हणणारा मीच आणि पेन्सिल घेऊन बसणाराही मीच. तेव्हापासून आपल्याला लिहावं असं वाटत होतं.

म्हणून मागणं एवढंच, की पुन्हा कधी तशी रात्र आली तर आपली आठवण व्हावी. धंदा चालेल का, असं मी विचारत नाही. भाव, पाऊस, गिऱ्हाईक हे आपल्यावर टाकून मोकळं होणं मला बरं वाटत नाही. चालला तर पांडुरंगाची कृपा, बसला तर माझं कुठं चुकलं ते मी बघेन. तसं झालं तरी आषाढीला दिंडीत मान खाली न घालता चालता यावं, इतकं बळ द्यावं. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली म्हणतात. माझं मन तेवढं मोठं नाही, उधारीची वही मी ठेवणारच. फक्त ती खरी असावी.

धाकट्याचं म्हणणं होतं, पाटीवर महाराजांचा फोटो लावू. मी नको म्हणालो, राग मानू नये. लोक आपल्याकडे बघून तेल नेतील आणि चूक माझी निघाली तर बोल आपल्याला लागेल. फोटो घरी देव्हाऱ्यात आहे तिथेच राहील. पाटीवर "लाकडी घाण्याचं तेल" एवढंच लिहिलं आहे.

पाडव्याला आपला सप्ताह असतो, तेव्हा येण्याचा आग्रह मुळीच नाही. त्या दिवशी सकाळी आपण जिथे असाल तिथून एकदा इकडे मनाने हात वर करावा, तो आम्हाला पोचेल. चार शब्द लिहून पाठवलेत तर आईला वाचून दाखवेन. एखादी गोष्ट खटकली असेल तर तीही लिहावी. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी कामाला येईल.

सोबत दीड किलो तिळाचं तेल पाठवतो आहे. मठातल्या नंदादीपासाठी तिळाच्या पहिल्याच घाणीचं काढून ठेवलं होतं. हा नवस नाही, धंद्याचं काही झालं तरी तेल दिव्याचंच.

घरच्या सर्वांचा नमस्कार. आपली तब्येत सांभाळावी, गुडघ्याला थंडी लागू देऊ नये.

आपला बालक,
दत्तात्रय

ता. क. : तेलाचा पितळी डबा आईच्या माहेरचा आहे. रिकामा झाल्यावर एकादशीला येणाऱ्या आमच्या गावच्या माळकऱ्यांजवळ द्यावा. ती रोज विचारते.