गोलपोस्ट, मॅट आणि व्हॉल्टिंग बॉक्स : तपासणी, देखभाल आणि नोंदींचं आपलं रुटीन (२०२५-२६)

सगळ्या शिक्षकांसाठी, शिपाई मामांसाठी आणि कार्यालयासाठी. दोन्ही सत्रांना हेच लागू. एक प्रत क्रीडा खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलीये, दुसरी दुरुस्ती रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे.

आधी एक नियम, बाकी सगळं त्याच्या नंतर. जमिनीला किंवा वजनाला न बांधलेला गोल म्हणजे बंद गोल. तास सुरू असो, मॅच असो, पाहुणे आलेले असोत, बांधलेला नसेल तर त्याच्या आसपास खेळ नाही. फुटबॉलच्या नियमांतसुद्धा पहिल्याच नियमात गोल जमिनीला पक्का हवा असं लिहिलंय आणि हलवता येणारा गोल ही अट पाळत असेल तरच वापरायची परवानगी आहे. मुलं आडव्या बारला लटकतात, झोका घेतात, गोल पुढे येतो आणि बार थेट डोक्यावर किंवा छातीवर पडतो. अशात मुलं दगावल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत, म्हणून यात कुणालाच सूट नाही.

आपल्याकडे काय काय आहे

मोठे गोल दोन, गो-१ आणि गो-२, लोखंडी पाइपचे, ७.३२ बाय २.४४ मीटर, मागची खोली दीड मीटर. हँडबॉलचे दोन, हँ-१ आणि हँ-२, ३ बाय २ मीटर, खोली एक मीटर, हे सिमेंटच्या कोर्टावर. मॅट १४, त्यातल्या मॅ-१ ते मॅ-८ फोमच्या रेक्झिनवाल्या आणि मॅ-९ ते मॅ-१४ काथ्याच्या. व्हॉल्टिंग बॉक्स एक, पाच थरांचा, बॉ-१, आणि सोबतचा स्प्रिंगबोर्ड स्प्रिं-१. प्रत्येकावर नंबर ऑइलपेंटने टाकलाय, तो पुसट झाला की लगेच परत काढायचा, कारण नंबर नसेल तर रजिस्टरमधली नोंद कशाची ते वर्षभराने कुणालाच कळत नाही.

अँकरिंग

मोठ्या गोलला आपण खुंट्या वापरत नाही. आपलं मैदान काळ्या मातीचं, एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात आणि जुलैत तीच माती फुगून लोण्यासारखी होते, खुंटी दोन्ही वेळी ढिली. म्हणून प्रत्येक गोलच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली दीड फूट बाय दीड फूट बाय दीड फुटाचा काँक्रीटचा ठोकळा पुरलाय, एकेक साधारण सव्वादोनशे किलोचा, त्यात यू-हूक बसवलाय आणि गोलचा मागचा पाइप त्याला साखळी आणि शॅकलने बांधलाय. हूक जमिनीच्या किंचित खाली खळग्यात आहे म्हणजे पाय अडकत नाही, पण पावसात तो खळगा मातीने भरतो आणि गंज तिथेच धरतो, दर आठवड्याला खुरप्याने उकरून बघायचं. पुढच्या दोन्ही पायांनाही असेच हूक आहेत, म्हणजे एका गोलला बांधायचे पॉइंट चार.

हँडबॉलच्या गोलबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण 'लहान गोल, त्याला काय होतंय' असं सगळ्यांना वाटतं. मोठ्या गोलसाठीच्या ईएन ७४८ या युरोपियन मानकात बारच्या मध्यावर ११०० न्यूटन, म्हणजे साधारण ११० किलोची आडवी ओढ लावली तरी गोल पडता कामा नये अशी चाचणी आहे. आता हिशोब करा. मोठा गोल २.४४ मीटर उंच, मागे दीड मीटर खोल, तर ११० गुणिले २.४४ भागिले १.५, म्हणजे मागच्या पाइपवर साधारण १८० किलो वजन पाहिजे. हँडबॉलचा गोल दोन मीटर उंच पण खोली एकच मीटर, म्हणजे ११० गुणिले २ भागिले १, सरळ २२० किलो! लहान गोलला जास्त वजन लागतं, कारण तो मागे उथळ असतो. गोलचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं पण ते मी हिशोबात धरत नाही, तेवढी जागा सुरक्षेला राहू दे. म्हणून कोर्टावर मागच्या पाइपला क्लॅम्प लावून दोन-दोन अँकर फास्टनर काँक्रीटमध्ये मारलेत. काही कारणाने गोल तिथून हलवला तर मागच्या पाइपवर ४० किलोच्या वाळूच्या सहा गोण्या, पाइपला बांधून, नुसत्या टेकवून नाही. गोण्या उन्हाने कुजतात आणि हळूहळू वाळू गळते, तेव्हा महिन्यातून एकदा उचलून वजन बघायचं.

गोल हलवणं हे मोठ्या माणसांचं काम, मोठ्या गोलला किमान चार जण, मुलांना हात लावू द्यायचा नाही. सगळ्यात धोक्याचे दिवस म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी, कारण ध्वजवंदनाच्या कवायतीसाठी आदल्या संध्याकाळी गोल कडेला सरकवतात आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर लाडू घेऊन सगळी मुलं मैदानातच असतात. मांडववाले आले की तेच. कडेला नेलेले दोन्ही गोल तोंडाला तोंड लावून दोन्ही खांबांना साखळी आणि कुलूप, आणि परत जागेवर आल्यावर चारही पॉइंट बांधून रजिस्टरमध्ये सही, मगच नेट लावायचं. संध्याकाळी बाहेरची मुलं खेळायला येतात ती येऊ देत, मैदान रिकामं ठेवण्यापेक्षा ते बरं, पण कुलुपाची चावी फक्त क्रीडा खोलीत आणि मामांकडे.

रोज, पहिल्या तासाआधी (पाच मिनिटं)

ज्याचा पहिला पीटीचा तास त्याने बघायचं. प्रत्येक गोलच्या साखळ्या जागेवर आहेत का, हाताने हलवून. बार वाकलाय का, नेट फाटून खाली लोंबतंय का. मॅट वापरायच्या असतील तर हात फिरवून ओल, फाट, खडे, काच. बॉक्स काढला तर थर नीट बसलेत का, चाकं उचललेली आहेत का. बस. यात काही सापडलं नाही तर नोंद नको, नुसती तारखेवर सही. सापडलं तर लाल पट्टी बांधायची आणि रजिस्टर उघडायचं.

दर शनिवारी

नेटचे हूक. जुने लोखंडी वाकडे हूक आपण काढून टाकलेत आणि प्लास्टिकच्या क्लिपा लावल्यात, कारण उडी मारून बारला हात लावताना अंगठी किंवा बोट हुकात अडकून फार वाईट जखम होते. क्लिप तुटली तर तारेने बांधायचं नाही, क्रीडा खोलीत डबा भरून क्लिपा आहेत. सगळे नटबोल्ट पान्याने एकदा चाचपायचे, बाहेर आलेल्या बोल्टवर टोपी हवी. मॅट सगळ्या उलट्या करून खालची बाजू बघायची आणि साबणाच्या पातळ पाण्याने पुसून सावलीत वाळवायच्या. रेक्झिन कडक उन्हात तडकतं, काथ्याला मात्र उन्हं दाखवावीच लागतात नाहीतर श्रावणात बुरशी नक्की.

महिन्यातून एकदा

ओढ चाचणी. मोठ्या दोन माणसांनी बारच्या मध्याला दोरी बांधून पुढून सावकाश ओढायचं, झटका नाही, बारच्या खाली आणि तो पडेल तेवढ्या अंतरात समोर कुणी उभं राहायचं नाही. मागचा पाइप जमिनीवरून जरासुद्धा उचलला तर गोल बंद.

मग पाइप. लोखंड गंजतं ते जमिनीलगत आणि आतून, वरून रंग चकचकीत असतो. छोट्या हातोडीने खालून वर ठोकत जायचं, चांगल्या पाइपचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी बद्द. तिथे पेचकसाचं टोक दाबून बघा, आत जात असेल तर रंग लावून झाकायचं नाही, वेल्डरला बोलवायचं आणि तो तुकडा कापून नवा. पाइपच्या वरच्या टोकांच्या टोप्या आणि खालची पाणी जायची भोकं याच वेळी बघायची, गंजाचं मूळ कारण आत साठलेलं पाणी असतं.

मॅट : गुडघा टेकवून मध्यावर जोर द्यायचा, खालची फरशी लागली तर फोम मेला, ती मॅट उडीखाली नाही, फार तर योगासनांना. शिवण उसवली असेल तर चांभाराकडून जाड दोऱ्याने शिवून घ्यायची, चिकटपट्टी चालणार नाही, ती दोन दिवसांत निघते आणि पाय अडकतो. उंदराने कुरतडलं असेल तर सगळा गठ्ठा खाली काढून बघायचा. मॅट ठेवायच्या त्या जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर, आडव्या, कमरेएवढ्याच उंचीपर्यंत, आणि न्यायच्या त्या उचलून, ओढत नाही.

बॉक्स : प्रत्येक थर वेगळा करून कोपऱ्यांचे सांधे, स्क्रू आणि बसवायच्या खुंट्या. पावसाळ्यात लाकूड फुगून थर अडकतात, तेव्हा हातोडी घालायची नाही, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा आणि मग जिथे घासतंय तिथे हलकं पॉलिशपेपर. हात घालायच्या खाचांमध्ये बोट फिरवून फास बघायची. वाळवीसाठी खालचा थर उलटा करून टोचून बघायचा. वरच्या गादीचं कव्हर ताणलेलंच हवं, सुरकुती पडली की तळहात घसरतो. चाकं उचलल्यावर बॉक्स पूर्ण रबरी पायांवर बसला पाहिजे, दोन हातांनी जोरात ढकलला तरी सरकता कामा नये. स्प्रिंगबोर्डच्या खालच्या रबराचंही तेच.

वर्षातून दोनदा : जूनमध्ये शाळा भरायच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत

सगळं एकदम, वेल्डर आणि सुतार सोबत घेऊन. जूनला रंग नाही, दिवाळीला रंग, कारण जूनचा रंग ओल्या हवेत धरत नाही. ठोकळ्यांभोवतीची माती उन्हाळ्याने आक्रसून पोकळी झाली असेल तर मुरूम घालून ठोकून घ्यायचं.

दुरुस्ती रजिस्टर

पानांना नंबर आहेत, पान फाडायचं नाही, खोडायचं असेल तर एक रेघ आणि सही. जो दोष लिहितो तोच शक्यतो 'चालू' लिहिणारा नसावा, दुसऱ्याने तपासून सही करायची. बिल आणि मोबाइलवरचा आधी-नंतरचा फोटो प्रिंट काढून फाइलला. कसं लिहायचं ते या तीन नोंदींवरून कळेल, या खऱ्याच नोंदी आहेत :

१२ जून २०२५. गो-२. मागच्या डाव्या हुकाजवळ साखळीची एक कडी घासून अर्धी. गोल बंद, लाल पट्टी. १३ जून : ८ मिमीची नवी साखळी, नवं शॅकल, बिल फाइलला. १४ जून : ओढ चाचणी, मागचा पाइप हलला नाही, चारही पॉइंट घट्ट. चालू. सही, मुलींच्या पीटीच्या मॅडम आणि शिपाई मामा.

२८ जून २०२५. बॉ-१, थर ३. उजव्या कोपऱ्याचा सांधा उघडलाय, थर डोलतो. पूर्ण बॉक्स बंद, दोन थरांवर तास घ्यायचा नाही. ३ जुलै : सुताराने जुना डिंक खरवडून नव्याने चिकटवलं, आतून लाकडी ठोकळा आणि चार स्क्रू. ५ जुलै : पाच थर रचून ढकलून पाहिला, डोलत नाही. चालू.

१९ जुलै २०२५. मॅ-११, काथ्या. आतून ओली, वास, वाळवूनही जात नाही. दुरुस्त होण्यासारखी नाही. निर्लेखनासाठी मुख्याध्यापक सरांकडे पत्र दिलं, डेडस्टॉक रजिस्टरला पान १७ वर शेरा.

दोष दुरुस्त व्हायला पैसे मंजूर होत नसतील तर तसंही तारखेसह लिहायचं, वस्तू तोवर बंदच. कुणाला लागलं तर किरकोळ का असेना, त्याच दिवशी त्या वस्तूच्या नंबरसमोर नोंद आणि ती वस्तू तपासणी होईपर्यंत बाजूला. आणि निर्लेखन झालेली मॅट भंगारात द्यायच्या आधी कव्हर मधोमध चिरायचं, नाहीतर ती कुणीतरी सद्भावनेने परत जिमखान्यात आणून टाकतं आणि पुढच्या आठवड्यात त्यावर पोरं कोलांट्या मारत असतात.